आभाराच्या मेलमधला एक मुद्दा

‘मुलाखतीची संधी दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या नामांकित कंपनीत काम करण्यास मी उत्सुक आहे.’ असा मेल पाठवला तर बिघडत काहीच नाही, पण घडतही काही नाही. एका दिवसात सात-आठ मुलं पाहिलेला विभागप्रमुख तो उघडतो, पहिल्या ओळीवरून पुढचं ओळखतो आणि बंद करतो. त्या मजकुरावरून तो कोणाचा, हेही सांगता येत नाही. नाव बदललं की तोच मेल पुढच्या उमेदवाराला चालतो.

आभार मानावेतच, एका वाक्यात. पण मेल वाचला जातो तो त्यानंतरच्या चार ओळींमुळे. मुलाखतीत ज्या प्रश्नावर बोलणं झालं, त्याच प्रश्नावर राहून गेलेला एखादा नेमका मुद्दा त्या ओळींत असायला हवा. तो कसा शोधायचा आणि कसा लिहायचा, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी चाकणच्या एका वाहन-सुटेभाग कारखान्यात क्वालिटी इंजिनियरच्या जागेसाठी गेली. विभागप्रमुखांनी एक ड्रॉइंग पुढे सरकवलं. त्यात २५ मिलिमीटरचा बोअर होता आणि टॉलरन्स एच७, म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ यांच्यामध्येच हवा. त्यांनी विचारलं, ‘दिवसपाळीत माल बरोबर येतो, रात्रपाळीत बोअर लहान येतात म्हणून नग बाजूला पडतात. काय कराल?’ तिने सांगितलं की इन्सर्ट झिजलाय का बघेन आणि गरज पडल्यास ऑफसेट देईन. उत्तर चूक नव्हतं, कारण बोअरिंगमध्ये इन्सर्ट झिजला की बोअर लहानच होत जातो. तरी त्यांनी पुन्हा विचारलं, ‘लगेच ऑफसेट देणार?’ ती ‘हो’ म्हणाली आणि गाडी पुढच्या प्रश्नाकडे गेली.

मेलमध्ये काय लिहायचं ते या दुसऱ्या प्रश्नात दडलेलं आहे. मुलाखत घेणारा एखाद्या उत्तरापाशी थांबून पुन्हा विचारतो, तेव्हा त्याला तिथे आणखी काहीतरी अपेक्षित असतं. म्हणून गेटबाहेर पडल्यावर, बसमध्ये बसण्याआधी, सगळे प्रश्न वहीत उतरवून काढावेत आणि जिथे उलटा प्रश्न आला तिथे खूण करावी. घरी पोहोचेपर्यंत निम्मे विसरायला होतात. एरवी सुटलेला मुद्दा आठवत बसण्यापेक्षा ही खूण जास्त कामाची ठरते.

इथे सुटलेली गोष्ट अशी की बोअर खरंच लहान आहेत की मोजमाप चुकतंय, हे तिने तपासलंच नव्हतं. बोअर गेजचं शून्य सरकलेलं असेल तर चांगला बोअरही लहान दिसतो. त्या आकड्यावर भरवसा ठेवून ऑफसेट दिला की पुढचे बोअर मोठे होतात. लहान बोअर पुन्हा मशीनवर घेऊन वाढवता येतो, पण मोठा झालेला नग सरळ भंगारात जातो. विभागप्रमुखांचा ‘लगेच?’ हा शब्द त्यासाठी होता.

तिचा मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा असावा:

‘नमस्कार सर, आज सकाळी वेळ दिल्याबद्दल आभार. रात्रपाळीतल्या लहान बोअरच्या प्रश्नावर मी इन्सर्ट आणि ऑफसेटबद्दल बोलले. त्याआधीची एक पायरी सांगायची राहिली. बाजूला काढलेल्यांपैकी पाच नग मी घेईन, बोअर गेज सेटिंग रिंगवर पुन्हा शून्य करेन आणि तेच नग दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांकडून, एकमेकांचे आकडे न दाखवता, मोजून घेईन. दोघांनाही बोअर लहान मिळाले तर इन्सर्ट आणि ऑफसेटकडे वळेन. आकडे जुळले नाहीत किंवा बोअर मापात निघाले, तर ऑफसेटला हात न लावता आधी गेज आणि मोजण्याची पद्धत तपासेन. आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवा.’

खाली नाव, ज्या जागेसाठी मुलाखत झाली ती जागा आणि फोन नंबर. बस. मोबाईलच्या पडद्यावर फारसं सरकवावं न लागता वाचून व्हावा, इतकाच मेल.

यात काय नाही, तेही पाहा. ‘मी घाबरले होते’ नाही आणि उत्तराचं समर्थनही नाही. तिला तापमानाचा मुद्दाही सुचला असेल: मशीनवरून उतरलेला गरम पोलादी नग दहा अंशांनी जास्त तापलेला असेल तर २५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये जवळपास तीन मायक्रॉनचा फरक दिसतो. मुद्दा खरा आहे, पण गरम नगाचा बोअर मोठा दिसतो आणि इथली तक्रार लहान बोअरची आहे. तो घातला असता तर माहिती आहे म्हणून लिहिलंय, असं वाटलं असतं. दोन मुद्दे सुचले तर विचारलेल्या प्रश्नाला भिडणारा एकच ठेवावा.

पाठवण्याआधी तो एक मुद्दा पक्का करून घेणं अत्यावश्यक आहे. हेच नग ‘व्हर्नियरने पुन्हा मोजेन’ असं तिने लिहिलं असतं तर मेल न पाठवणं परवडलं असतं. नेहमीच्या व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर आणि इथला सगळा टॉलरन्सच ०.०२१. मुलाखतीतली चूक बोलण्याच्या ओघातली म्हणून सोडून देतात, घरी बसून लिहिलेली सोडत नाहीत. शिवाय पुढच्या फेरीत ‘सेटिंग रिंगवर शून्य कसं करता?’ असा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर देता येत नसेल तर तो मुद्दा आपला नाही.

वेळ म्हणाल तर त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत. पॅनेलचे शेरे बऱ्याच ठिकाणी तेवढ्यात लिहून होतात. विभागप्रमुखांचा पत्ता नसेल तर मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलने आलं त्यालाच उत्तर द्यावं आणि एचआरला तो सरांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी. कॅम्पस मुलाखत असेल तर आधी प्लेसमेंट अधिकाऱ्यांना विचारावं. काही कॉलेजांत कंपनीशी परस्पर संपर्काला मनाई असते. उत्तर आलं नाही तर तोच मजकूर पुन्हा पाठवू नये.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हा मेल तुम्ही लिहून देऊ नका. भाषा सफाईदार होईल, पण प्रश्न तुम्ही ऐकलेला नाही, आणि पुढच्या फेरीत उत्तर मुलांनाच द्यायचं आहे. ‘तुला कुठे उलटं विचारलं?’ एवढं विचारलंत तरी खूप मदत होते. दुसरं म्हणजे, हे सगळं खासगी नोकरीपुरतं. बँका, लोकसेवा आयोग आणि सरकारी भरतीत मुलाखत मंडळातल्या कोणाला मेल किंवा फोन करू नये, ओळखीतूनही नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवारी रद्द होईल, अशी अट त्या जाहिरातींत असते.

तांत्रिक फेरीत साफ अडलेल्या मुलाला हा मेल तारणार नाही. त्याचा उपयोग होतो तो दोन उमेदवार जवळपास सारखे उतरलेले असताना, आणि एकाच्या नावापुढे ‘ऑफसेटची घाई करतात’ असं लिहिलेलं असताना. तो शेरा लिहिणाऱ्यालाच हा मेल मिळाला, तर तो निदान पुढच्या फेरीसाठी नाव राखून ठेवू शकतो.