एका पुस्तिकेला एकच शब्द

मैत्रिणींनो, मागे आम्ही चौघींनी गटाच्या हिशोबाची एक हिंदी पुस्तिका मराठीत केली. पुस्तिका परत द्यायची होती, म्हणून मोबाईलवर फोटो काढून पानं वाटून घेतली. सगळं जोडल्यावर चूक दिसली. हिंदीत शब्द होता ‘बकाया’. एकीने लिहिलं ‘बाकी’, दुसरीने ‘थकबाकी’.

फरक केवढा, बघा. एका ताईने 10,000 रुपये कर्ज घेतलं. महिन्याला मुद्दल 1,000 रुपये फेडायचं. चार हप्ते वेळेवर भरले. तिची बाकी 6,000, पण थकबाकी शून्य. चारपैकी तीनच हप्ते भरले असते, तर बाकी 7,000 आणि थकबाकी 1,000. चुकीच्या शब्दाने वेळेवर भरणारी ताई थकबाकीदार ठरते!

मग आम्ही शब्दांची वही केली. डावीकडे हिंदी शब्द, मध्ये ठरलेला मराठी शब्द, उजवीकडे तो पहिल्यांदा आला ते पान. समूह म्हणजे गट, ऋण म्हणजे कर्ज, किस्त म्हणजे हप्ता, ग्राम संगठन म्हणजे ग्रामसंघ. ‘बकाया’पुढे दोन ओळी लिहिल्या: अजून फेडायची सगळी रक्कम असेल तर ‘बाकी’, तारीख उलटून गेलेली असेल तर ‘थकबाकी’. नवा शब्द आला की आधी वहीत बघायचं. नसेल तर चौघींना विचारूनच लिहायचं.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुस्तिकेचं आणि धड्याचं नाव छापलेलं असतं. ते एकदाच मराठीत करून वहीच्या पहिल्या पानावर ठेवा. मजकुरात उतरवू नका. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जातं, तेव्हा ते मथळ्याचे शब्द वाक्याच्या मधोमध घुसतात. म्हणूनच वाटणी पानांवर नको, धड्यांवर करा.

पान नंबर मात्र टाकून देऊ नका. फोटोला पानावर छापलेलाच नंबर द्या. पान 14 चा फोटो `014.jpg`. मुखपृष्ठामुळे फोटोंची मोजणी आणि छापील नंबर जुळत नाहीत. मूळ नंबर समासात लिहा. ‘पृष्ठ 14 देखें’ असं आलं, तर मराठीतलं ते पान कितवं, हे शेवटी समासावरून कळतं. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात.

शेवटी मोबाईलवर शब्द शोधून तपासा. पूर्ण ‘हप्ता’ शोधला तर ‘हप्त्याचा’ सापडत नाही. ‘हप्त’ एवढंच शोधा. ‘थकबाकी’ सापडली की एकदम बदलू नका. दर ठिकाणी मूळ फोटो उघडून रकाना बघा, मगच ठरवा. आम्हाला अशा पाच जागा सापडल्या, त्यातल्या तीन बदलाव्या लागल्या.