मिलची मोटार, वॉरंटी आणि गेलेला फेज

दिवाळी आटोपून धान चुरणे झाले की पोंभुर्णा, मूल, सावली या धानपट्ट्यात भरडाईची घाई सुरू होते. ऐन त्या घाईत पोंभुर्णा तालुक्यातील एका शेतकरी गटाच्या नव्या मिनी राइस मिलची मोटार जळाली. वॉरंटी होती, विमाही होता. पण दोन्हींतून काहीच मिळाले नाही.

गटाचा हिशेब पाहणाऱ्या ताई सांगतात, "कागद होते म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मेकॅनिकने मोटार उघडून दाखवली. वाइंडिंगचा काही भाग काळा पडलेला, बाकीचा जसाच्या तसा. म्हणाला, एक फेज गेला आणि मोटार उरलेल्या दोनवर ओढत राहिली."

हीच खूण निर्णायक ठरली. वॉरंटी बनावटीच्या दोषापुरती असते. वीजपुरवठ्यातला बिघाड तिच्यात बसत नाही. गटाने घेतलेला विमा आगीचा होता. अशा पॉलिसीत आग, वीज कोसळणे, वादळ यांचे नुकसान मिळते, पण शॉर्टसर्किटने किंवा स्वतःच्या उष्णतेने जळालेले विद्युत यंत्र वगळलेले असते. तिथून आग पसरून शेड जळाली, तर शेडची भरपाई मिळते. मोटारीची नाही.

त्यासाठी 'मशिनरी ब्रेकडाऊन' ही वेगळी पॉलिसी लागते, आणि ती काढताना रक्कम नीट धरावी लागते. समजा, तशीच नवी मिल आज वाहतूक आणि उभारणीसह 6 लाखांना पडते, पण विमा 4 लाखांचाच आहे. मग 60,000 रुपयांच्या दुरुस्तीवर त्याच प्रमाणात 40,000 मंजूर होतात आणि त्यातूनही ठरलेला स्वहिस्सा वजा होतो. बंद पडलेल्या भरडाईचे उत्पन्न यात धरलेलेच नसते, आणि गटाला सर्वाधिक लागले तेच.

म्हणून आग, वादळ, चोरी विम्यावर सोपवणे योग्य. फेज जाण्याचा धोका मात्र स्टार्टरमध्येच अडवायला हवा. सिंगल फेज प्रिव्हेंटर एक फेज जाताच मोटार बंद करतो, आणि तो मोटार पुन्हा भरून घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. जोडीला ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरनुसार लावलेला असावा. मिल ताब्यात घेताना इलेक्ट्रिशियनकडून एक फेज तोडून चाचणी करून घ्यावी. मोटार सारखी बंद पडते म्हणून हंगामात प्रिव्हेंटरला बगल देऊन वायर जोडण्याचा मोह होतो. तेव्हा संरक्षण असून नसल्यासारखे होते.

रबर रोल झिजणारा भाग असल्याने बहुधा वॉरंटीबाहेरच राहतो. धानातले खडे आणि लोखंड आधीच काढणारी चाळणी व चुंबक असले, तर तो जास्त टिकतो.

ताई आता दुसऱ्या गटांच्या खरेदीचे कागद पाहून देतात. त्या सर्वांत आधी वॉरंटी सुरू होण्याची तारीख शोधतात. बिलापासून मोजली आणि थ्री फेज जोडणी लांबली, तर मिल सुरू होण्याआधीच वॉरंटीचे महिने सरतात. त्यामुळे खरेदी आदेशात 'मिल चालू करून दिल्याच्या दिवसापासून' असे त्या लिहून घ्यायला लावतात.