बुरशी लागलेली सोले आणि वर्षअखेरीची पट्टी

चि. भाचीस पेडण्याहून मावशीचे अनेक आशीर्वाद.

डिचोलीहून आलेल्या वार्तेनुसार भाची वर्षअखेरीस इन्स्टाग्रामवर कॅरोसेल, म्हणजे बोटाने एकामागून एक सरकवून पाहण्याच्या पट्ट्यांची मालिका, टाकणार असून तिच्यात तीन धडे व तीन संकल्प आहेत. परंतु पहिला धडा ‘निसर्गाने संयम शिकवला’ एवढ्यावरच आटोपल्याचे कळल्यापासून मावशीला चैन नाही. भाचीने विकलेली भिरंडांची सोले बुरशी लागून परत आली, हे त्या वाक्यातून कोणालाही कळणार नाही.

बिया काढलेली भिरंडाची साल मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली, की सोल होते, आणि शेवटची उन्हे चुकली तर ओल आतच राहते. 2025 मध्ये मोसमी पाऊस नेहमीच्या जूनऐवजी मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच गोव्यात पोहोचला, हे खरे. तथापि अर्धवट वाळलेला माल पिशवीबंद करण्याचा निर्णय पावसाचा नव्हता. म्हणून पट्टीवर घटना, कारण आणि बदललेली कृती या तिन्ही गोष्टी याव्यात: पाऊस लवकर आला, मागणी अडली म्हणून ओलसर सोले पाठवली, यापुढे सोले काचेच्या बंद बरणीत दोन दिवस ठेवून आतल्या बाजूस दव धरते का ते पाहूनच भरली जातील. हीच शेवटची ओळ पहिला संकल्प ठरते. टपालखर्च न धरता ठरवलेला भाव हा दुसरा धडा असल्यास नव्या दराचा आकडा, आणि झेपेल त्याहून अधिक मागणी घेणे हा तिसरा असल्यास महिन्याची मर्यादा, हे त्यांचे संकल्प होत. पुढल्या डिसेंबरात जो पाळला की मोडला हे सांगता येत नाही, त्यास संकल्प म्हणणे कठीण.

प्रामाणिकपणालाही सीमा आहे. आईचे आजारपण आणि घरातील उसनवारी भाचीच्या एकटीच्या मालकीची नाही, म्हणून ती पट्टीवर येऊ नये. बुरशीची गोष्ट मात्र तिची स्वतःची आहे आणि ती गाळली, तर सोले परत करणारी गिऱ्हाइकेच ती पट्टी वाचून ते ओळखतील, ही मावशीची खरी भीती आहे.

तरुणपणी मावशीच्या वह्यांत संकल्पच असत आणि सरलेल्या वर्षाचा हिशेब नसे. त्यामुळे तोच संकल्प अनेक वर्षे पहिल्या पानावर राहिला, याची खंत आजही आहे.

एवढे कठोर लिहिल्यावर हेही नोंदवणे आवश्यक आहे की पावसाच्या त्या दिवसांत सालींची सुपे एकटीने आतबाहेर करणारी मुलगी घरात दुसरी कोणी नव्हती, आणि हे सर्वांना ठाऊक आहे. पट्टी तयार होवो वा न होवो, नाताळच्या सुट्टीत भाचीने पेडण्यास यावे आणि चार दिवस निवांत झोपावे.