न हसता हसवणे

विनोद सांगताना सांगणाराच आधी हसला, तर ऐकणाऱ्याला हसायचं काम उरत नाही. मार्क ट्वेनने १८९५ साली ‘हाउ टू टेल अ स्टोरी’ या लेखात हेच मांडलं आहे. त्याच्या मते विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगावी. तिच्यात काही गंमत आहे याची आपल्याला पुसटशीही शंका नाही, असा सांगणाऱ्याचा आविर्भाव हवा.

असं का, ते एका वाक्यावर करून पाहू.

पहिला प्रकार: ‘अहो, काय सांगू! हसून हसून पोट दुखेल! आजोबांनी सायकल घेतली, पण चालवताच येईना, आणि चक्क अकरा वर्षं हातात धरून बाजारात नेली!!’

दुसरा प्रकार: ‘आजोबांनी सायकल घेतली. चालवता येत नसल्यामुळे अकरा वर्षं ते तिला हातात धरून बाजारात नेत. पंक्चर झाली तर मात्र रिक्षा करत.’

पहिल्यात ‘चक्क’ आणि उद्गारचिन्हं हे वेडेपण बोट दाखवून सांगतात. वाचकाला शोधायला काही उरत नाही. शिवाय हसण्याचं आश्वासन आधीच दिल्यामुळे तो परीक्षकाच्या खुर्चीत बसतो. दुसऱ्यात मजकूर वेडा आणि सूर हिशेबाच्या वहीतला. त्या दोहोंतली फट वाचकाला स्वतःच दिसते आणि तिथेच हसू येतं. ‘नसल्यामुळे’ आणि ‘मात्र’ हे साधे शब्द इथे मोठं काम करतात, कारण आजोबांच्या जगात हे सगळं तर्कशुद्ध आहे असं ते भासवतात.

चिं. वि. जोशींचा चिमणरावही आपल्या फजित्या अशाच प्रामाणिकपणे सांगतो. आपण विनोदी पात्र आहोत, हे त्याला माहीतच नसतं.

लिहिताना चेहरा नसतो, म्हणून तो पूर्णविरामाने आणि नेमक्या आकड्याने घडवावा लागतो. ‘कित्येक वर्षं’पेक्षा ‘अकरा वर्षं’ अधिक गंभीर वाटतं. बोलताना आवाज सपाट ठेवावा. ‘रिक्षा’च्या आधी श्वासभर थांबावं, जास्त थांबलात तर श्रोत्यांना चाहूल लागते. हशा आला तर तो ओसरेपर्यंत त्याच चेहऱ्याने गप्प राहावं, नाहीतर पुढचं वाक्य बुडतं.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वेडेपण फारच थोडं असेल तर लोक ते खरं मानतात. सायकल हातात धरून नेणारे आजोबा असूही शकतात! कुणी ‘खरंच का?’ असं विचारलं, की समजावं, अजून एक पायरी हवी होती. इथे रिक्षा ती पायरी आहे. उलट गाल फुगवून, भुवया ताणून गांभीर्याचाच अभिनय केला, तर तेही डोळा मारण्यासारखंच झालं. चेहरा गंभीर नको, नेहमीचा हवा. बसची वेळ सांगताना असतो ना, तसा.