गच्चीला रंग फासला, गळती तिथेच राहिली

आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. बेडरूमच्या छताला ओल आली म्हणून मे महिन्यात संपूर्ण गच्चीवर पांढऱ्या केमिकलचे दोन हात मारून घेतले. ठेकेदाराने दहा वर्षांचं हमीपत्र दिलं. जुलैत ओल परत आली, पहिल्यापेक्षा मोठी.

त्याला बोलावलं तर खाली उभा राहूनच वर बघत म्हणाला, "साहेब, ही गळती नाही. छताला घाम येतोय. खिडक्या उघड्या ठेवा." गच्चीवर चढायचीसुद्धा तसदी घेतली नाही. घरातल्या बाकी कुठल्याही छताला घाम येत नव्हता, हे मी तीनदा सांगितलं. त्याला ऐकायचंच नव्हतं.

घाम आहे की गळती, हे घरच्या घरी कळतं. ओलीच्या जागेवरचं पाणी फडक्याने टिपून घ्या, पंखा लावून पृष्ठभाग कोरडा करा आणि तिथे हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूने थेंब असतील तर हवेतली वाफ. प्लास्टिकच्या आत, छताकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी स्लॅबमधून येतंय. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंबांची नक्षी उमटली होती. आपण महिनाभर सांगतोय ते खरं होतं, हे त्या क्षणी डोळ्यांसमोर आलं. त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं नाही.

मग प्रश्न उरला, पाणी शिरतंय कुठून? खाली जिथे डाग, तिथेच वर भोक, असं समजू नका. आपल्याकडच्या गच्चीत स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. एकदा वरच्या थरातून पाणी आत गेलं की ते त्या कोब्यातून आडवं पसरतं आणि स्लॅबमध्ये जिथे फट मिळेल तिथे खाली उतरतं.

म्हणून पावसाळा संपून छत सुकल्यावर आम्ही गच्चीचे भाग पाडले. विटा आणि चिकणमातीचे बांध घातले, पावसाच्या पाइपचं तोंड बंद केलं आणि एकेका भागात दोन इंच पाणी साठवलं. पातळीची खूण करून दोन-दोन दिवस वाट पाहिली. मधल्या भागांतून खाली थेंबही आला नाही. पाइपच्या तोंडाजवळचा भाग भरला आणि संध्याकाळपर्यंत डाग ओला झाला. पाइप आणि कोब्याच्या मधली फट वरच्या रंगाखाली झाकली गेली होती, भरली नव्हती. शिवाय रंग कठड्याच्या पायाशीच संपवला होता, भिंतीवर चढवलाच नव्हता.

एक सावधगिरी मात्र पाळा. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस फुटाला साधारण पावणेपाच किलो वजन. खालून प्लास्टर सुटलंय, सळया गंजून दिसतायत, अशा छतावर ही चाचणी करू नका; आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

दुरुस्ती दुसऱ्या मिस्त्रीने केली. पाइपभोवती फूटभर कोबा स्लॅबपर्यंत फोडला, सुटा माल काढला, न आकसणारं ग्राउट भरलं. कठडा आणि गच्चीच्या कोपऱ्यात पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याची गोलाई दिली. पूर्ण सुकल्यावर केमिकलचा हात, त्यात फायबरची जाळी, वर दुसरा हात. हा थर पाइपच्या तोंडाच्या आत उतरवला आणि कठड्यावर फूटभर चढवला. मग पुन्हा पाणी भरून पाहिलं. त्यानंतरचा पावसाळा कोरडा गेला.

हे कायमचं आहे का, याची खात्री मला नाही. प्लास्टिकचा पाइप उन्हात सिमेंटपेक्षा जास्त फुगतो-आकसतो, त्यामुळे तो सांधा पुन्हा उघडू शकतो. मी दर मे महिन्यात तिथे बोट फिरवून पाहतो. कोब्यात अडकलेलं जुनं पाणी तर कित्येक आठवडे झिरपत राहतं, म्हणून घाईने छत रंगवू नका, पोपडे धरतात.

हमीपत्र नीट वाचा. आमच्या पत्रात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हमी फक्त "लावलेल्या थराची" आहे, सांधे आणि पाइप वगळून. गळते तेच वगळलेलं. आणि सोसायटी "तुमचं तुम्ही बघा" म्हणाली तर ऐकून घेऊ नका. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

काम देताना कोटेशनमध्येच लिहून घ्या की पाइपचं तोंड, कठड्याचे कोपरे धरून पाणी भरून चाचणी होईल. आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा जाईपर्यंत देऊ नका.