जीएसटी नोंदणीच्या नोटिशीला उत्तर कसं लिहायचं?

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्या गटाला वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण माल राज्याबाहेर विकायचा असेल तर रक्कम कितीही असो, नोंदणी करावी लागते. आपल्या सांगली भागातल्या गटाला बेळगावच्या दुकानातून हळद पावडरीची मागणी आली, की हा प्रश्न उभा राहतो. अर्ज केल्यावर काही वेळा खुलासा मागणारी नोटीस येते. तिचं नाव GST REG-03. ही दंडाची नोटीस नाही. अर्जात काहीतरी जुळत नाही, ते समजावून सांगा, एवढंच तिचं म्हणणं असतं.

आधी मुदत मोजा

उत्तराला कामाचे ७ दिवस मिळतात. सोमवारी नोटीस आली आणि मध्ये शनिवार-रविवार सोडून दुसरी सुट्टी नसेल, तर पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी मुदत संपते. नोटीस पोस्टानं घरी येत नाही. अर्जात दिलेल्या मोबाईलवर आणि ईमेलवर निरोप येतो. अर्ज सेवाकेंद्रात भरला असेल आणि तिथल्याच माणसाचा नंबर टाकला असेल, तर गटाला पत्ताच लागत नाही. म्हणून नंबर अध्यक्ष किंवा सचिवाचाच द्या. मुदत गेली तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. मग नवा अर्ज करता येतो, त्याला सरकारी फी नाही, पण हातातली ऑर्डर तोवर थांबते.

नेमकं काय विचारलंय?

बहुतेक वेळा प्रश्न जागेचा असतो. एक उदाहरण घेऊ. हळदीचं काम अध्यक्षांच्या घरी चालतं. लाईटबिल सासऱ्यांच्या नावावर आहे, पण ते वारले आहेत. संमतीपत्र सासूबाईंनी दिलंय. अधिकारी विचारतो, बिलावर एक नाव आणि संमतीपत्रावर दुसरं, हे कसं?

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे ‘सर्व कागद जोडले आहेत’ असं लिहून तेच कागद परत पाठवायचे. प्रश्न तसाच राहतो आणि अर्ज नाकारला जातो. दुसरी मोठी चूक म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावरून वारलेल्या माणसाच्या नावानं सही करायची. खोट्या कागदावर मिळालेली नोंदणी पुढे रद्द होते आणि सही करणारी अडचणीत येते. खरं काय आहे ते लिहिणंच सोपं आहे. जागा नातेवाईकाची असेल तर साध्या कागदावरचं संमतीपत्र, मालकाचं ओळखपत्र आणि मालकीचा एक पुरावा पुरतो. केंद्राच्या एप्रिल २०२५ च्या सूचनेत अधिकाऱ्यांना हे सांगितलेलं आहे.

उत्तराचा नमुना

> विषय : नोंदणी अर्जाबाबत खुलासा
> संदर्भ : १) अर्ज क्र. (ARN) ……
> २) नोटीस GST REG-03, क्र. ……, दि. ……
>
> महोदय,
> वीजबिलावरील व संमतीपत्रावरील नावांत फरक असल्याबाबत आपण खुलासा मागितला आहे. खुलासा पुढीलप्रमाणे :
> १. व्यवसायाची जागा हे गटाच्या अध्यक्षांचे राहते घर आहे.
> २. वीजजोडणी अध्यक्षांचे सासरे कै. …… यांच्या नावे आहे. त्यांचे दि. …… रोजी निधन झाले. बिलावरील नाव अद्याप बदललेले नाही.
> ३. ग्रामपंचायत नोंदीनुसार घर आता सासू श्रीमती …… यांच्या नावे आहे. त्यांनी जागा विनाभाडे वापरण्यास संमती दिली आहे.
>
> जोडपत्रे :
> १. घराचा नमुना ८ उतारा
> २. श्रीमती …… यांचे संमतीपत्र
> ३. त्यांच्या आधारकार्डाची प्रत
> ४. चालू वीजबिल
> ५. मृत्यूच्या दाखल्याची प्रत
>
> अधिकृत स्वाक्षरीकर्ता, …… बचत गट

बघा, यात विनंती-गाऱ्हाणं काही नाही. ‘आम्ही गरीब महिला आहोत’ असंही लिहिलेलं नाही, कारण त्यानं नावाचा फरक मिटत नाही. प्रत्येक वाक्याला खाली एक कागद आहे. उतारा अजून सासूबाईंच्या नावावर झाला नसेल, तर मुद्दा ३ तसा लिहू नका. आधी ग्रामपंचायतीत नोंद बघून घ्या.

पाठवायचं कसं?

पोर्टलवर `Services > Registration > Application for Filing Clarifications` इथे जा. प्रत्येक प्रश्नासमोरच्या चौकटीत त्याचंच उत्तर लिहा आणि कागद जोडा. मोबाईलवर काढलेला फोटो मोठा करून बघा. नाव आणि तारीख वाचता आली नाही, तर तो कागद नसल्यासारखाच. शेवटी ओटीपी टाकल्याशिवाय उत्तर जात नाही. नुसतं जतन केलं म्हणजे पाठवलं असं नव्हे.

उत्तर गेल्यावर अधिकाऱ्याला निर्णयासाठी कामाचे ७ दिवस असतात. तोवर नोटीस, उत्तर आणि जोडपत्रांचा एक संच गटाच्या फाईलमध्ये लावा, आणि पुढच्या बैठकीत प्रोसिडिंगला नोंद घ्या.