चौकशीच्या फॉर्मला आधार कशाला?

प्रश्न : लातूर आणि नांदेडला आमचे नीटचे क्लासेस आहेत. वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख, जात, आधार, पत्ता सगळं घेतो. चालेल का?

उत्तर : नाही. चौकशीला उलटा फोन करायला पालकाचं नाव, मोबाइल, इयत्ता आणि शाखा एवढं पुरतं. जात किंवा आधार विचारायचं कारणच नाही. पत्ता प्रवेशाच्या वेळी घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालचा विद्यार्थी मूलच मानला जातो, म्हणून फॉर्म पालकानेच भरावा आणि त्याची संमती पडताळता यावी.

आता किती दिवस ठेवायचं? प्रवेश संपले की ज्यांनी घेतला नाही त्यांची नावं फोनच्या यादीतून काढा. २०२५ च्या नियमांत किमान एक वर्ष नोंद जपण्याची अट आहे. ती मे २०२७ पासून लागू होईल, म्हणून वर्ष झालं की पुसा. फीच्या पावत्यांचं वेगळं आहे. जीएसटीसाठी त्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात.

खरी गळती पुढेच असते. फॉर्ममधली माहिती ईमेलवर, शीटमध्ये आणि समुपदेशकाच्या व्हॉट्सअॅपवरही गेलेली असते. पुसल्यावर एखाद्या जुन्या चौकशीचा नंबर तिन्ही ठिकाणी शोधून बघा.